आश्चर्याचं माप

मोठेपणी पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला लिहायला सांगा. दहातले आठ जण ढगांना कापूस म्हणतील, खालच्या गाड्यांना मुंग्या म्हणतील आणि शेवटी 'हा अनुभव शब्दांत सांगता येणार नाही' असं लिहून मोकळे होतील. यात लबाडी काहीच नाही. पण ही तिन्ही वाक्यं विमानात न बसताही लिहिता येतात. तिकीट काढायच्या आदल्या दिवशीसुद्धा लिहिता आली असती. मग जे पहिल्यांदाच घडलं, ते या लिखाणात कुठे आहे?

आपल्या पिढीपुढे हा प्रश्न जास्त टोकदार होऊन उभा आहे. आपण गोष्टी करण्याआधी त्या पाहिलेल्या असतात. विमानाच्या खिडकीतला पंख, बर्फातलं पहिलं पाऊल, समुद्राखालचे मासे, सगळं तीस तीस सेकंदांच्या तुकड्यांत आपल्या अंगठ्याखालून सरकून गेलेलं असतं. त्यामुळे प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा मनात उमटतं ते 'अरे, हे तर तसंच आहे!' आश्चर्याच्या जागी पडताळणी होते. मग कुणीतरी सल्ला देतं की लहान मुलासारखं बघ, बालसुलभ कुतूहल जाग्यावर आण.

मला हा सल्ला पटत नाही, कारण मोठ्या माणसाचं आश्चर्य लहान मुलाच्या आश्चर्याहून वेगळ्या मालाचं बनलेलं असतं. चार वर्षांच्या मुलाला विमान जितकं नवं असतं तितकीच लिफ्ट नवी असते आणि शेजारच्या काकांची दाढीही. त्याच्याकडे तुलनेला काही नसतं. मोठ्या माणसाकडे मापं असतात. मुंबई ते रत्नागिरी रस्त्याने साधारण ३४० किलोमीटर, हे त्याला आकड्याने कमी आणि कमरेने जास्त माहीत असतं. हे माप मोडतं तेव्हा जे होतं, ते लहान मुलाला होऊच शकत नाही. म्हणून मोठेपणी आश्चर्य परत मिळवायचं तर पाटी कोरी करून भागत नाही. पाटीवर आधी काय लिहिलेलं होतं, ते नीट वाचावं लागतं.

हे उदाहरणाने सांगते.

मी रत्नागिरीत राहते, शाळेत भूगोल शिकवते. रत्नागिरीतून प्रवासी विमान सुटत नाही, त्यामुळे आमच्याकडे छत्तिसाव्या वर्षापर्यंत विमानात न बसलेली व्यक्ती असणं यात नवल काही नाही. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात सावंतवाडीला घरातलं लग्न होतं. मी आणि मावशी तेव्हा मुंबईत होतो. मावसभावाने आमची दोघींची मुंबई ते मोपा अशी तिकिटं काढून टाकली. म्हणजे माझा पहिला विमानप्रवास माझ्याच घरावरून होणार होता. मावशी तेव्हा सदुसष्ट वर्षांची. तिचाही पहिलाच. तिला डावीकडची खिडकी मिळाली, मला तिच्या शेजारची जागा.

मोठेपणीच्या पहिल्या वेळेबद्दल कुणी फारसं लिहीत नाही अशी एक गोष्ट विमानतळावरच सुरू होते. ती म्हणजे लाज. पट्टा काढायचा की नाही, ट्रेमध्ये फोन ठेवायचा की पर्ससकट ठेवायचा, बोर्डिंग पास कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही, हे पुढच्या माणसाचं बघून बघून करायचं, आणि बघतोय हे कळू द्यायचं नाही. लहान मूल पहिल्यांदा विमानात बसतं तेव्हा आजूबाजूचे हसून कौतुक करतात. छत्तिशीतल्या बाईने सीटचा पट्टा कसा लावायचा असं विचारलं तर शेजारचा माणूस मदत करतो, पण त्या मदतीत एक छोटासा हिशेबही असतो, की हिची पहिलीच वेळ दिसतेय. पहिली वेळ किती उशिरा आली यावरून आपलं घर, आपली कमाई, आपला गाव कळतो. म्हणून माणसं ती लपवतात. आणि पहिली वेळ लपवायची तर आश्चर्यही लपवावं लागतं. चेहरा सवयीचा करावा लागतो. आश्चर्य सवयीने मरतं असं आपण म्हणतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याचदा सवय लागण्याच्या आधीच, सवयीच्या सोंगाने मरतं.

मावशीने हे सोंग घेतलं नाही. तिने हवाई सुंदरीला सरळ सांगितलं, "बाळ, मी पहिल्यांदाच बसत्ये, हा पट्टा तेवढा लाव." पट्टा लागला. प्रश्न मिटला. त्यानंतरचा सगळा वेळ तिला खिडकीबाहेर बघायला मोकळा होता.

विमान समुद्राच्या दिशेने उडालं आणि डावीकडे वळलं. त्या वळणाआधी एक गोष्ट झाली. वर चढत असतानाच इंजिनांचा आवाज एकाएकी कमी झाला आणि पोटात खड्डा पडला. आपण खाली चाललोय असं अगदी नक्की वाटलं. मावशीने माझा हात धरला. खिडकीत मात्र जमीन लांबच जात होती. डोळे सांगत होते वर, पोट सांगत होतं खाली.

याचं कारण मी नंतर शोधलं. धावपट्टीवरून उचलताना इंजिनं मोठ्या जोराने चालवतात. जमिनीपासून साधारण तीनशे-साडेचारशे मीटर वर गेल्यावर तो जोर कमी करून चढाईपुरता ठेवतात. विमान वरच जात असतं, पण वेग वाढण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्या कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वेग कळतच नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. बदल कमी झाला की तो भाग मेंदूला कळवतो, पडतोय. म्हणजे आपलं शरीर खोटं बोलत नव्हतं. त्याला ज्या भाषेत बोलता येतं, त्या भाषेत ते बोलत होतं. चालणं, धावणं, झाडावरून उतरणं एवढ्यापुरतीच ती भाषा तयार झालेली आहे.

त्या रात्री सावंतवाडीला पोचल्यावर मी फोनमध्ये आठवेल ते सगळं लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी ते वाचताना एक चाचणी लावली. प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे वाक्य मला काल सकाळी, विमानतळावर जाण्याआधी लिहिता आलं असतं का? 'ढगांच्या वर ऊन होतं.' आलं असतं, खोडा. 'मुंबई खेळण्यातली वाटली.' खोडा. 'आवाज कमी झाला आणि पडतोय असं वाटलं, खिडकीत मात्र जमीन लांब जात होती.' हे नसतं आलं. राहू दे. अशी चाळणी लावली की पानभर मजकुरातली तीन-चार वाक्यं उरतात. तेवढीच पुष्कळ. पहिल्या अनुभवाचा खरा ऐवज तेवढाच असतो, बाकीचं आपण सोबत घेऊन गेलेलो असतो.

माझ्याकडे उरलेल्या वाक्यांतलं एक वाक्य माझं नव्हतंच. मावशीचं होतं.

विमान किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे चाललं होतं. दुपारचं ऊन, हवा स्वच्छ. सात-आठ किलोमीटरवरून किनारा नकाशासारखा दिसतो असं म्हणतात. माझा धंदाच नकाशाचा, त्यामुळे मी खाड्या मोजायला लागले. कोकणचा किनारा वरून ओळखायचा तर खाड्यांनीच. सडे सगळे सारखे तपकिरी दिसतात, गावं झाडीत लपलेली असतात, पण खाडी लपत नाही. बाणकोटला सावित्रीची, दाभोळला वाशिष्ठीची, मग जयगडला शास्त्रीची, रत्नागिरीला भाट्याची, पुढे पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. जयगडची खाडी आली तसं मी मावशीला दाखवलं. अलीकडे तवसाळ, पलीकडे जयगड, तो बघ वीजप्रकल्प.

मावशीचं माहेर तवसाळच्या बाजूचं. तिने काचेला कपाळ लावलं. थोडा वेळ बघितलं. मग खाडी पंखाच्या मागे गेली आणि ती म्हणाली, "अगो, एवढ्यात गेली पण?"

आणि गप्प बसली. रत्नागिरी आली, रत्नदुर्गाचं समुद्रात घुसलेलं टोक मी तिला दाखवलं, तिने मान हलवली, पण ती अजून मागेच होती.

हिशेब करायचा तर असा. विमान ताशी साडेसातशे किलोमीटरने चाललं असेल तर मिनिटाला साडेबारा किलोमीटर, सेकंदाला दोनशे मीटर. खाडीचं तोंड दोनेक किलोमीटर धरलं तर ओलांडायला दहा सेकंद. खिडकीत ती मिनिटभर तरी दिसली असेल, कारण आपण खूप उंचावर होतो. पण ओलांडली ती दहा सेकंदांत. जयगड ते रत्नागिरी, जिथे एसटीने एक-सव्वा तास सहज जातो, ते अंतर तीन मिनिटांच्या आत संपलं.

हा हिशेब बरोबर आहे, पण मावशीच्या वाक्यात होतं ते यात नाही. लग्नाचा गोंधळ उरकल्यावर परतताना गाडीत तिने सांगितलं. ती सात वर्षांची असताना तिचा तान्हा भाऊ तापाने फणफणला. आषाढातली रात्र. डॉक्टर पलीकडे. खाडी ओलांडायला तेव्हा तर होती, म्हणजे माणसाने वल्हवायची होडी. आज तवसाळ-जयगड फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं, बोट समोरच्या धक्क्याला असली तर जरा थांबावं लागतं इतकंच. तेव्हा रात्री, तशा पावसात आणि तशा उधाणात होडी घालणं शक्य नव्हतं. वडील किनाऱ्यावर जाऊन परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत आले. तरीवाल्याचा काही दोष नव्हता, असं मावशीने दोनदा सांगितलं. उजाडायच्या आत मूल गेलं.

"तेव्हापासनं ती खाडी माझ्या डोक्यात केवढी मोठी आहे," ती म्हणाली. "आणि वरनं बघितली तर एवढीशी."

मी तिला विचारलं, लिहू का हे? ती म्हणाली, "लिही. नाव नको घालू."

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मावशीला जे झालं, ते आश्चर्य म्हणायचं का? त्यात आनंद नव्हता. 'वाव' नव्हतं. पण मला वाटतं, त्या विमानातल्या दीडशे-पावणेदोनशे लोकांत खरं आश्चर्य तिलाच वाटलं. बाकीच्यांनी खाली एक खाडी पाहिली असेल. तिने एक माप मोडताना पाहिलं. साठ वर्षं जे अंतर 'एका रात्रीत ओलांडता न येणारं' म्हणून मनात होतं, ते दहा सेकंदांचं झालं. आश्चर्य खाडीत नव्हतं आणि विमानातही नव्हतं. ते दोन मापांमधल्या फरकात होतं. आणि पहिलं माप तिच्याकडे होतं, ते तिने जगून मिळवलेलं होतं.

पु. ल. देशपांडे यांचं 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आलं, तेव्हा ते चाळिशीत होते. मोठ्या माणसाने लिहिलेलं पहिल्या वेळेचं मराठीतलं हे बहुधा सगळ्यांत लाडकं पुस्तक. इंग्लंड त्यांना वाचनातून आधीच ओळखीचं होतं, म्हणजे आपल्या रील पाहिलेल्या अवस्थेहून त्यांची अवस्था फार वेगळी नव्हती. तरी पुस्तक ताजं राहिलं, कारण तिथलं प्रत्येक दृश्य ते घरच्या मापाने मोजत राहतात. विलायत जितकी दिसते, तितकंच मुंबईचं मध्यमवर्गीय घर दिसतं. ते घर काढून टाकलं तर उरेल ते प्रवासी माहितीपत्रक.

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो. मावशीने विमानात जे अनुभवलं ते तिचं. मी सावंतवाडीत बसून, आकडे जुळवून, नंतरची गोष्ट आधीच्या वाक्याला जोडून जे लिहिलं, ते तर रचलेलं. आश्चर्य परत मिळवण्याच्या नावाखाली आपण ते बनवतो आहोत का? आणि बनवलेलं आश्चर्य खोटं नाही का?

या प्रश्नावर आपल्याकडे फार पूर्वी विचार झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय सांगितला आहे. गंमत म्हणजे हा रस ज्या गोष्टींमुळे उत्पन्न होतो, त्यांच्या यादीत विमानही आहे. भरताच्या मनात अर्थातच दिव्य पुरुषांचं विमान असणार, त्याला कुणी मोप्याला उतरवत नव्हतं. पण आपल्या कामाची गोष्ट त्या यादीपेक्षा त्या मांडणीत आहे. विस्मय आणि अद्भुत या दोन वेगळ्या वस्तू मानल्या आहेत. विस्मय हा भाव, माणसाला होणारा. अद्भुत हा रस, प्रेक्षकाला मिळणारा. भावाचं रसात रूपांतर आपोआप होत नाही. त्याला कारणं समोर मांडावी लागतात, म्हणजे विभाव. शरीरावर दिसणारे परिणाम मांडावे लागतात, म्हणजे अनुभाव. डोळे विस्फारणं, टक लावून बघणं, रोमांच, अश्रू, अशी अद्भुताच्या अनुभावांची नोंद तिथे आहे. काचेला लावलेलं कपाळ त्यात सहज बसलं असतं.

पुढे मम्मटाने काव्यप्रकाशात रसाचे दोष सांगितले, त्यात एक असा आहे की भावाचं किंवा रसाचं थेट नाव घेणं हाच दोष. 'मला खूप आश्चर्य वाटलं' असं लिहिलं की वाचणाऱ्याला माहिती मिळते, आश्चर्य मिळत नाही. आपल्या इमोजींचं आणि उद्गारचिन्हांचंही तेच होतं.

म्हणजे लिहिणं हे रचणंच आहे, आणि त्यात गैर काही नाही. विमानातला विस्मय उतरताना संपला. तो तसाच्या तसा परत आणता येत नाही, तसा कुणी दावाही करू नये. लिहून जे मिळतं ते दुसरं काहीतरी असतं, आणि ते आधी लिहिणाऱ्यालाही मिळालेलं नसतं. माझंच बघा. मी त्याच खिडकीतून, मावशीच्या खांद्यावरून तीच खाडी पाहिली होती. मला त्या क्षणी खाडी क्रमांक अमुक बरोबर ओळखल्याचा शिक्षिकेचा आनंद झाला होता, बस. तिचं वाक्य, तिची गोष्ट आणि तो दहा सेकंदांचा हिशेब शेजारी शेजारी लिहिले तेव्हा माझ्या पोटात पुन्हा खड्डा पडला. या वेळी मी खुर्चीवर बसलेली होते.

खोटेपणा कुठे सुरू होतो, ते मात्र ओळखता येतं. विभाव बदलले की. पाऊस नव्हता तिथे पाऊस घातला, मावशी गप्प बसली होती तिथे तिच्या डोळ्यांत पाणी घातलं, की रचना खोटी झाली. क्रम लावायची मुभा आहे, माल बदलायची नाही. आणि दुसऱ्याचं माप वापरायचं तर त्याला विचारून. मावशीची खाडी मी माझ्या नावावर लिहिली असती तर लेख कदाचित जास्त जोरकस झाला असता, पण मी त्या खाडीची वाट कधी पाहिलेली नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४९ साली भावनांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने आश्चर्याला सगळ्या भावनांत पहिलं स्थान दिलं. कारण असं की एखादी गोष्ट आपल्या फायद्याची की तोट्याची हे ठरायच्या आधीच ती आपल्याला चकित करते. प्रेम, द्वेष, भीती हे सगळं त्यानंतर. पण त्याने एक इशाराही दिला. आश्चर्याचा उपयोग एवढाच की जे माहीत नव्हतं त्याकडे आपलं लक्ष जावं आणि ते लक्षात राहावं. तिथून पुढे जाऊन कळून घ्यायला हवं. जो नुसताच चकित होत राहतो, तो वस्तूच्या पृष्ठभागावरच थांबतो.

ही शेवटची कसोटी मला फार उपयोगी वाटते. पहिल्या अनुभवाचं लिखाण झालं की बघायचं, त्यातून एखादा प्रश्न बाहेर पडतो आहे का? पोटात खड्डा पडला, त्यातून मला कानाच्या आतल्या भागाबद्दल कळलं. मावशीच्या 'एवढ्यात?' मधून निघणारा प्रश्न मोठा आहे. खाडी तेव्हाही तेवढीच रुंद होती. मग एका बाजूला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला तान्हं मूल, यांच्यामध्ये रात्रभर काय उभं होतं? पाणी एवढंच उत्तर पुरेसं नाही. त्या गावात डॉक्टर नव्हता, पूल नव्हता, इंजिनाची बोट नव्हती. अंतर पाण्याने थोडं होतं आणि बाकीच्या गोष्टींनी फार होतं. विमानाने ते अंतर कमी केलेलं नाही. विमान त्याच्या वरून गेलं. आजही खाडीकाठच्या एखाद्या वाडीला सेकंदांचा हिशेब लागू पडत नाही, तिथे रात्री फेरीबोट बंद झाल्यावर मोठा वळसाच घालावा लागतो. आश्चर्य या प्रश्नापर्यंत पोचलं नाही, तर ते उंचावरून पाहिलेलं सुंदर दृश्य राहतं.

राहता राहिला तुमचा प्रश्न, की आम्ही तर होडीची वाट पाहिली नाही, आमच्याकडे कुठलं माप?

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्यानंतर रत्नागिरीत जन्मलेल्या मुलांना करबुड्याचा बोगदा म्हणजे साडेसहा किलोमीटर रेंज जाणारी जागा. ती मुलं तिथे फोन खाली ठेवतात आणि कंटाळतात. त्यांचा दोष नाही. बोगद्याच्या आधीचा डोंगर त्यांच्या अंगात नाही. पण त्यांच्या अंगात दुसरं काही आहेच. माझ्या वर्गातल्या एका मुलीला मी तिच्या कुठल्याही पहिल्या वेळेबद्दल लिहायला सांगितलं. तिने कॉलेजसाठी गाव सोडल्यावर, अठराव्या वर्षी, पहिल्यांदा एकटीने दाराला आतून कडी घालून झोपल्याचं लिहिलं. सात माणसांच्या दोन खोल्यांच्या घरात ती वाढली होती. तिने लिहिलं की त्या रात्री तिला स्वतःचा श्वास ऐकू आला आणि आधी वाटलं, खोलीत दुसरं कुणी आहे. ही ओळ कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही, आणि घर सोडायच्या आदल्या दिवशी तिला स्वतःलाही लिहिता आली नसती. सात माणसं हे तिचं माप होतं.

म्हणून पहिल्या वेळेबद्दल लिहायला बसाल तेव्हा नव्या गोष्टीपासून सुरुवात करू नका. ती सगळ्यांना माहीत आहे. त्या क्षणापर्यंत तुमच्यासाठी 'लांब' म्हणजे किती होतं, 'उंच' म्हणजे किती, 'एकटं' म्हणजे कसं, ते आधी लिहा. किलोमीटरमध्ये नको, तुमच्या तासांत, पैशांत, कमरेत, माणसांत लिहा. मग शरीराला काय झालं तेवढं लिहा. त्याच दिवशी लिहा, कारण पोटातला खड्डा दोन दिवसांत 'मज्जा आली' होतो. आणि पहिली वेळ उशिरा आली असेल तर तोही आकडा लिहा. छत्तीस, सदुसष्ट, जो असेल तो. आपण लपवतो तो आकडा, आणि माप नेमकं त्याच्यातच साठलेलं असतं.